अडकणारा खण, निसटणारा खण

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातल्या घरांतून आता जुने लाकडी कपाट जवळजवळ गेले आहे. त्याच्या जागी प्लायचे, सनमायका लावलेले कपाट आले, आणि त्याच्या खणांना दोन्ही बाजूंनी लोखंडी सरकपट्ट्या आल्या. दुकानात त्यांना टेलिस्कोपिक चॅनेल म्हणतात. जुन्या वाड्यातला खण लाकडावर लाकूड घासत चालायचा. पावसाळ्यात तो फुगला की मेणबत्ती घासायची किंवा कोरड्या साबणाची वडी फिरवायची, काम भागायचे. चॅनेलच्या खणाला हा इलाज चालत नाही. तरी बहुतेक घरांत खण अडला की पहिले काम तेच होते: खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. दोन दिवस बरे वाटते. मग तेलावर धूळ आणि शिवणकामाचा दोरा-भुसा बसतो, त्याचा चिकट थर होतो आणि खण आधीपेक्षा जड होतो.

चॅनेलचा खण अडतो किंवा निसटतो तेव्हा दोष सहसा चॅनेलमध्ये नसतो, तो कुठे बसवला आहे त्यात असतो. या लेखात आम्ही एकाच कपाटाची गोष्ट सांगणार आहोत. जुन्नर शहरात आमच्या ओळखीच्या एक बाजी घरी शिवणकाम करतात. त्यांच्या कपाटाला तीन खण. वरचा नीट चालायचा. मधला पूर्ण ओढला की डावी बाजू खट्ट करून सुटायची आणि खण एका कोपऱ्यावर लोंबायचा. खालचा ओढायला दोन्ही हात लागायचे. मधल्या खणात कात्र्या, इस्त्री, बॉबिन, दोऱ्यांचे डबे आणि गिऱ्हाइकांचे ईदचे कपडे. एकदा तो निसटून धाकट्याच्या पायावर आला, नख काळे पडले. बोलावलेल्या मिस्त्रींनी पाहिले आणि सांगितले, "बाजी, प्लाय गेला. नवीन कपाटच करा." बाजींनी आम्हाला विचारले ते त्यानंतर. रमजान महिन्यावर आला होता, आणि नवीन कपाटाचा खर्च म्हणजे त्या हंगामाची कमाईच.

आधी चॅनेल म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावर आहे. एका बाजूच्या चॅनेलमध्ये तीन पट्ट्या एकात एक असतात. बाहेरची पट्टी कपाटाच्या भिंतीला स्क्रूने बसते. आतली पट्टी खणाच्या बाजूला बसते. मधली पट्टी दोघींमध्ये धावते. तिन्हींच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात आणि त्या गोळ्या एका पातळ जाळीत अडकवलेल्या असतात, म्हणजे त्या पळत नाहीत. सर्वसाधारण चॅनेलची जाडी १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असते. दोन बाजूंचे मिळून २५.४ मिमी, एक इंच. म्हणून खणाची पेटी कपाटाच्या आतल्या मापापेक्षा एका इंचाने अरुंद करायची असते. मिस्त्री लोक २६ मिमी धरतात, थोडी सैल फट राहते. या एका इंचातच सारे बिघाड घडतात. जागा कमी पडली तर पट्ट्या दाबल्या जातात, गोळ्या आवळतात आणि खण जड होतो. जागा जास्त झाली तर आतली पट्टी गोळ्यांच्या पकडीतून बाजूला ओढली जाते आणि एका क्षणी निसटते. अडणारा आणि निसटणारा, दोन्ही खणांचे दुखणे बऱ्याचदा एकच असते, फक्त उलट्या दिशेचे.

खण बाहेर काढण्याआधी तो रिकामा करावा. हे सांगायला साधे वाटते, पण भरलेला खण ओढून काढताना मधली पट्टी वाकते आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. खण पूर्ण उघडला की दोन्ही चॅनेलवर आतल्या पट्टीजवळ काळ्या प्लास्टिकची छोटी जीभ दिसेल. एका बाजूची जीभ वर उचलावी लागते, दुसऱ्या बाजूची खाली दाबावी लागते, कारण डावे आणि उजवे चॅनेल एकमेकांचे आरसे असतात. दोन्ही जिभा एकाच वेळी धरून खण सरळ आपल्याकडे ओढावा. एका बाजूला आधी ओढला तर दुसरी बाजू अडते. बाजींकडे हे काम आम्ही दोघांनी केले, एकाने जिभा धरल्या, दुसऱ्याने खण. एकट्याने करायचे असेल तर खाली उशी किंवा दुमडलेली रजई ठेवावी.

खण निघाला की एक चाचणी करावी, आणि ती घाई न करता करावी. कपाटात राहिलेली मधली पट्टी बोटाने पुढे-मागे सरकवावी, आधी डावीकडची, मग उजवीकडची. ती एकटी गुळगुळीत चालत असेल तर चॅनेल शाबूत आहे, दोष बसवण्यात किंवा मापात आहे. एकटी असतानाही ती खरखरत किंवा अडत असेल तर घाण, वाकडेपणा किंवा पडलेल्या गोळ्या यांपैकी काहीतरी आहे. घाण असेल तर जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने ती पुसावी. तेलाचा थर जमला असेल तर फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन पुसावे आणि मग कोरडे करावे. रॉकेल चुलीपासून आणि इस्त्रीपासून लांब ठेवावे. जाळी मुडपली असेल किंवा गोळ्या निसटून खणात पडलेल्या सापडल्या तर दुरुस्तीचा नाद सोडावा आणि त्या मापाची नवी जोडी आणावी. जोडी काही शे रुपयांत मिळते. एक चॅनेल नवा आणि एक जुना असे करू नये, दोघांची चाल वेगळी असते.

बाजींच्या कपाटात दोन्ही चॅनेल एकटे असताना छान धावत होते. म्हणजे चॅनेलवर रुपया घालवायचा नव्हता.

मग टेप काढला. खणाच्या पेटीची बाहेरची रुंदी ४७४ मिमी भरली. पुढे, मध्ये, मागे सगळीकडे तेवढीच. म्हणजे कपाटाच्या आत ४७४ अधिक २५.४, असे ४९९.४ मिमी हवे. नेमके ५०० असले तर उत्तम, अर्धा मिमी सैल. आता मधल्या खणाच्या जागी कपाटाच्या आतली रुंदी तीन ठिकाणी मोजली. मागे ५००. मध्यावर ५०१. आणि अगदी पुढच्या कडेला ५०३. तिथे ३.६ मिमी जास्त. खण जसजसा बाहेर येतो तसतसा त्याचा भार चॅनेलच्या पुढच्या टोकावर येतो, आणि नेमक्या त्याच टोकाला पकड सैल होती. खण अर्ध्यापर्यंत ठीक आणि पूर्ण उघडल्यावर सुटतो, याचा उलगडा इथे झाला.

पण वरचा खण का चालत होता? वरच्या खणाच्या जागीही माप घेतले, तिथे पुढेमागे ५०० होते. कपाटाची बाजूची फळी वर छताच्या फळीला आणि खाली तळाच्या फळीला जखडलेली असते, मागे पाठीच्या फळीला. मोकळी असते ती फक्त तिची पुढची कड, आणि त्या कडेचा मधला भाग सर्वांत मोकळा. फळी फुगली की ती तिथेच बाहेर वळते. डाव्या फळीला सरळ पोलादी पट्टी उभी लावून पाहिली तर मध्ये ३ मिमीची पोकळी दिसली. उजवीला लावली तर पट्टी सपाट टेकली. सगळा दोष डावीकडे.

आणि डावीकडे काय होते? मोरीची भिंत. कपाट तिला अगदी चिकटून उभे. फळीची एक बाजू सनमायकाने झाकलेली, दुसरी, भिंतीकडची, उघडी. प्लायची उघडी बाजू भिंतीचा ओलावा पिते आणि फुगते, झाकलेली बाजू तशीच राहते, म्हणून फळी ओल्या बाजूकडे फुगून बाहेर वळते. पोळी एका अंगाने ओली झाली की वळते, तसेच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, नाणेघाट आणि आहुपे-डिंभ्याच्या अंगाला, पावसाळ्यात भिंती महिनोन् महिने सुकत नाहीत. पूर्वेला आळेफाटा किंवा मंचरकडे पाऊस कमी, तिथे ही तक्रार मोरीच्या किंवा टाकीच्या भिंतीपुरती राहते. कपाट कोणत्या भिंतीला लावले आहे हे आधी पाहिले तर निम्मे निदान टेप न काढताही होते.

उपाय पॅकिंगचा. बाहेरची पट्टी आणि कपाटाची फळी यांच्यामध्ये पातळ तुकडे घालायचे, म्हणजे फळी वाकडी राहिली तरी पट्टी सरळ उभी राहते. पुठ्ठा किंवा कागदाची घडी घालू नये, ती दमट हवेत दबते. आम्ही सनमायकाचे उरलेले तुकडे घेतले. सुताराच्या दुकानाबाहेर ते फुकट मिळतात. जाडी साधारण १ मिमी असते, पण प्रत्येक तुकडा मोजून घ्यावा, ०.८ चाही असतो. कात्रीने न कापता पटाशीने रेघ ओढून तोडावा. चॅनेलच्या पट्टीपेक्षा थोडे कमी उंचीचे, दोन बोटे लांब असे तुकडे केले. पट्टीचे पुढचे, मधले आणि मागचे असे तीन स्क्रू होते. पुढच्या स्क्रूमागे तीन तुकडे, मधल्यामागे एक, मागच्यामागे काही नाही. हिशोब सरळ आहे: पुढे ३.६ जास्त होते त्यातले ३ भरले, मध्ये १.६ होते त्यातला १ भरला, मागे ०.६ होते ते ठेवले. आता तिन्ही ठिकाणी ०.६ मिमी सैल राहिले. तेवढे हवेच. शून्य करायला गेलो तर खण जड होईल.

तीन मिमीचे पॅकिंग घातले की जुना स्क्रू आत तेवढा कमी जातो. १२ मिमीचा असेल तर १६ मिमीचा घ्यावा. फळी १८ मिमीची होती आणि चॅनेलची पट्टी व पॅकिंग धरून १६ मिमीचा स्क्रू दुसरीकडे फुटत नव्हता. स्क्रूचे डोके चपटे हवे. फुगीर डोक्याचा स्क्रू पट्टीच्या आत उभा राहतो आणि मधली पट्टी त्याच्यावर आपटते. चपटा स्क्रूही तिरका गेला तर डोक्याची एक कड वर राहते. घट्ट केल्यावर डोक्यावरून बोट फिरवावे, टोचले तर तो काढून सरळ पुन्हा घालावा. खालच्या खणाची निम्मी तक्रार याच कारणाने होती: कोणीतरी पडलेल्या स्क्रूच्या जागी हाताला लागलेला फुगीर डोक्याचा स्क्रू घातला होता, आणि मधल्या पट्टीवर त्याची चकाकणारी ओरखड उमटली होती. अशी ओरखड दिसली की तिच्या समोरचा स्क्रू शोधावा, दोषी तोच असतो.

खालच्या खणाची उरलेली निम्मी तक्रार उंचीची होती. इथे रुंदी बरोबर होती, पुढेमागे ५००. पण कपाटाच्या तळापासून चॅनेलच्या खालच्या कडेपर्यंत मोजले तेव्हा डावा चॅनेल पुढे १२० मिमी, मागे १२०. उजवा मागे १२०, पुढे १२४. उजवा चॅनेल पुढून वर चढत होता. एक चॅनेल सपाट आणि दुसरा चढणीचा असेल तर खणाची पेटी पिळली जाते, आणि तो पीळ गोळ्यांवर येतो. खण रिकामा असताना हे फारसे जाणवत नाही, कापडाचे गठ्ठे भरले की दोन हात लागतात. म्हणून चाचणी नेहमी भरलेल्या खणाने करावी. अर्थात काढताना रिकामा, पारखताना भरलेला.

उजव्या चॅनेलचा पुढचा स्क्रू काढला, मागचा फक्त सैल केला. गुण्या धरून पेन्सिलने १२० मिमीवर रेघ मारली, चॅनेलची खालची कड तिला लावली. आता अडचण अशी, की नवे भोक जुन्या भोकापासून फक्त ४ मिमीवर येत होते. इतक्या जवळ स्क्रू घातला की तो घसरून जुन्या भोकात शिरतो आणि पट्टी पुन्हा वर ओढतो. पुष्कळ दुरुस्त्या इथेच वाया जातात. दोन मार्ग आहेत. एक, जुन्या भोकात काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकाव्या, रात्रभर सुकू द्याव्या, मग नवे भोक पाडावे. दुसरा मार्ग सोपा. चॅनेलच्या पट्टीला स्क्रूसाठी अनेक भोके असतात, त्यातले दुसरे निवडावे, म्हणजे ताज्या लाकडात स्क्रू बसतो. आम्ही तेच केले. भोकांपैकी काही लांबट असतात. आधी लांबट भोकात स्क्रू अर्धवट घट्ट करावा, खण घालून पाहावा, पाहिजे तेवढे सरकवावे, आणि सगळे जुळले की गोल भोकात एक स्क्रू घालून जागा पक्की करावी. लांबट भोकांवरच भरवसा ठेवला तर काही आठवड्यांत पट्टी भाराने घसरते.

पुढेमागेचे मापही पाहावे, पण त्यावर फार वेळ घालवू नये. दोन्ही चॅनेल कपाटाच्या पुढच्या कडेपासून सारख्याच अंतरावर सुरू व्हायला हवेत. एक दोन मिमी आत असेल तर खणाचे तोंड तिरके दिसते आणि बंद करताना एक बाजू आधी टेकते. बाजींच्या कपाटात हा दोष नव्हता.

आता खण परत घालणे. चांगले जुळवलेले चॅनेल इथे घाईने मोडतात. आधी दोन्हीकडची मधली पट्टी पूर्ण बाहेर ओढून घ्यावी. मग तिच्यातली गोळ्यांची जाळी बोटाने पुढच्या टोकाला आणावी. ती मागे राहिली तर आतली पट्टी जाळीवर जाऊन आपटते आणि जाळी चुरगळते. खण दोन्ही हातांनी समतल धरून दोन्ही आतल्या पट्ट्या एकाच वेळी जाळ्यांमध्ये शिरवाव्या. एकच शिरली आणि दुसरी बाहेर राहिली असे वाटले तर पूर्ण बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी. दोन्ही शिरल्या की हळूहळू ढकलावे. शेवटी थोडा जोर लागतो आणि कटकन आवाज येतो, पहिल्यांदा हे होणारच. एकदा पूर्ण आत ढकलून पूर्ण बाहेर ओढला की जाळ्या आपल्या जागी बसतात आणि चाल हलकी होते. दुसऱ्या खेपेलाही तेवढाच जोर लागत असेल तर मात्र तो ढकलत राहू नये. कुठेतरी माप चुकले आहे किंवा जाळी अडकली आहे.

मधला खण बाजींनी स्वतः घातला. पहिल्यांदा डावी बाजू बाहेर राहिली, दुसऱ्यांदा बसला. मग सगळे सामान भरून पूर्ण ओढला आणि तसाच उघडा ठेवला. सुटला नाही. "एवढंच होतं का?" त्या म्हणाल्या. एवढेच होते. पण आम्ही त्यांना इस्त्री खालच्या खणात ठेवायला सांगितले. चॅनेलच्या जोडीवर ३५ किंवा ४५ किलो असे लिहिलेले असते, तो आकडा खणात सारखे पसरलेले वजन धरून असतो. पुढच्या कोपऱ्यात ठेवलेली इस्त्री किंवा उघड्या खणाला धरून उभे राहणारे मूल या हिशोबात नसते.

हे सारे चांगल्या प्लायच्या कपाटाला लागू आहे. भुशाच्या दाबलेल्या फळीचे, म्हणजे पार्टिकल बोर्डचे कपाट असेल तर गोष्ट वेगळी. ती ओली होऊन फुगली की सुकल्यावरही परत बसत नाही, आणि स्क्रूभोवतीचा भुसा सुटतो. काडेपेटीच्या काड्या तिथे धरत नाहीत. खराब झालेला भाग खरवडून त्या जागी लाकडाचा ठोकळा चिकटवावा आणि स्क्रू ठोकळ्यात घालावा. फळी बोटाने दाबल्यावर भुसा पडत असेल तर तेही करू नये. त्या वेळी मिस्त्रींचे "नवीन करा" हे बरोबरच असते. बाजींच्या फळीवर स्क्रू ड्रायव्हरची टोकदार बाजू दाबून पाहिली, ती आत गेली नाही. प्लाय वळला होता, कुजला नव्हता.

शेवटी कपाट मोरीच्या भिंतीपासून दोन बोटे पुढे ओढले, आणि डाव्या फळीच्या उघड्या बाजूला तेलरंगाचे दोन हात दिले, कडेलाही. भिंतीत बसवलेले कपाट असते तर ते ओढता आले नसते. अशा वेळी आतून दिसणारी प्रत्येक उघडी कड रंगवणे एवढेच हाती राहते. फळी सुकत जाईल तशी थोडी सरळ होईल आणि पॅकिंग जास्त होऊन मधला खण घट्ट वाटू लागेल, हे बाजींना आधीच सांगून ठेवले होते. तसेच झाले. उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, खण पुन्हा जड झालाय. पुढच्या स्क्रूमागचा एक तुकडा काढायला सांगितले. तो त्यांनी काढला आणि खणाच्याच कोपऱ्यात, बॉबिनच्या डब्यात ठेवला, पावसाळ्यासाठी.